‘माकर’ आणि ‘बाकर’

पहिलीतल्या मुलाची गणिताची वही उघडली की एखादा तरी तीन भलतीकडे तोंड करून बसलेला सापडतोच. इंग्रजी आकड्यांत तो नुसता विचित्र दिसतो. मराठी आकड्यांत मात्र घोटाळा होतो, कारण ३ उलटा लिहिला की तो जवळजवळ ६ होतो. बाई लाल शाईने फुली मारतात, आई घरी पाच ओळी तीन काढून घेते, आणि दोन दिवसांनी तोच तीन पुन्हा पाठ फिरवतो. मग कोणाला तरी ‘तारे जमीं पर’ आठवतो.

२००७ साली आलेल्या या चित्रपटाने एक फार मोठे काम केले. डिस्लेक्सिया हा शब्द त्याने मराठी मध्यमवर्गीय घरात पोचवला आणि अभ्यासात मागे राहणारे प्रत्येक मूल आळशी नसते, हे लोकांना दाखवले. पण त्यातली नाचणारी, उलटी झालेली अक्षरे लोकांच्या डोळ्यांपुढे इतकी ठसली की उलटे अक्षर म्हणजेच डिस्लेक्सिया, असे समीकरण पक्के झाले. त्यामुळे दोन्हीकडून नुकसान होते. सहा वर्षांच्या निरोगी मुलाला घेऊन आईबाप घाबरून दवाखाने हिंडतात. आणि ज्याचे एकही अक्षर उलटे नाही, पण तिसरीत गेले तरी ‘पाऊस’ हा शब्द सुटत नाही, अशा मुलाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हे समीकरण चित्रपटाने जन्माला घातलेले नाही. त्याला शंभर वर्षे होत आली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सॅम्युअल ऑर्टन नावाचे डॉक्टर वाचन न जमणारी मुले तपासत असत. १९२५ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. मेंदूचे दोन अर्धे भाग अक्षराची सरळ आणि उलटी अशा दोन प्रतिमा साठवतात. त्यांपैकी एका अर्ध्याचा वरचष्मा वेळेवर बसला नाही, तर मूल बी आणि डी यांत गोंधळते, शब्द उलट्या बाजूने वाचते, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकाराला त्यांनी ‘वळलेली चिन्हे’ अशा अर्थाचे ग्रीक नावही दिले. शिकवण्याच्या ज्या पद्धती ऑर्टन यांनी सुचवल्या त्यांतल्या काही आजही कामाच्या आहेत. कारणाबद्दलची त्यांची कल्पना मात्र टिकली नाही.

ती मोडली साध्या मोजणीने. इसाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनात मागे पडलेल्या दुसरीच्या मुलांच्या चुका एकेक करून वर्गवार लावल्या. १९७१ साली तो अभ्यास छापून आला. उलटी वाचलेली अक्षरे आणि उलट्या क्रमाने वाचलेले शब्द मिळून एकूण चुकांच्या पावभागच भरले. उरलेल्या सगळ्या चुका वेगळ्याच होत्या, आणि त्या अक्षर व आवाज यांची जोडी न जमल्याच्या होत्या. पुढे फ्रँक व्हेलुटिनो यांनी अमेरिकन मुलांना हिब्रू शब्द क्षणभर दाखवून ते आठवून काढायला सांगितले. ही लिपी त्या मुलांपैकी कोणालाच येत नव्हती, म्हणजे आवाजाचा प्रश्नच मिटला, उरली नुसती नजर. वाचनात मागे असलेल्या मुलांनी ती चित्रे चांगल्या वाचकांइतकीच नीट काढली. त्यांच्या डोळ्यांना अक्षर उलटे दिसत नव्हते. अडचण पुढच्या पायरीवर होती, दिसलेल्या आकाराला त्याचा आवाज झटकन जोडण्यात.

मग सर्वसाधारण मुले अक्षरे उलटी का काढतात? कारण उलटसुलट एकच मानणे हा मेंदूचा जुना आणि उपयोगी गुण आहे. गाय डावीकडे तोंड करून उभी असो वा उजवीकडे, ती गायच असते. ती ओळखायला दोनदा शिकावे लागले असते तर माणसाचे कठीण होते. फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास डीहेन यांचे म्हणणे असे, की वाचनासाठी मेंदूत वेगळा भाग जन्मतः नसतो. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक तुकडा अक्षरांच्या कामाला जुंपला जातो, आणि तो येताना आपली उलटसुलट सारखे मानण्याची सवय घेऊनच येतो. अक्षरांपुरती ही सवय मुलाला मोडावी लागते. पाच ते सात या वयात ती मोडत असते, आणि मोडत असताना वहीत उलटे तीन पडतात.

ही सवय मोडणे लिपीवर अवलंबून असते, याचा एक सुंदर पुरावा आपल्या शेजारून, तमिळनाडूतून आला आहे. ईव्ह डँझिगर आणि एरिक पीडरसन यांनी १९९८ साली निरनिराळ्या भाषक समाजांतल्या लोकांच्या उलटसुलट आकृत्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. रोमन लिपी वाचणारी माणसे आकृती आणि तिचे आरशातले रूप सहसा वेगळे मानत होती. फक्त तमिळ वाचता येणारी माणसे मात्र निरक्षर माणसांप्रमाणेच दोन्ही रूपे एकच धरत होती. तमिळ लिपीत बी आणि डी यांच्यासारखी आरशातली जोडी नाही. त्यामुळे ही सवय मोडायचा प्रसंगच त्या वाचकांवर येत नाही, आणि त्यावाचून त्यांचे वाचन कुठे अडतही नाही.

मराठी मुळाक्षरांतही एक उलटवले की नेमके दुसरे होईल अशी जोडी नाही म्हटले तरी चालेल. बहुतेक अक्षरांचा दंड उजवीकडे आणि पोट डावीकडे असते. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहा वर्षांचे मूल एकाच वर्षी दोन लिप्या आणि दोन प्रकारचे आकडे शिकते. एका लिपीत दंड उजवीकडे, दुसरीत बी आणि पी यांची काठी डावीकडे. त्यात आकड्यांची आणखी एक खोड आहे. फ्रान्सचे जाँ-पॉल फिशर यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या लेखनाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा सगळी चिन्हे सारखी उलटत नाहीत असे दिसले. डावीकडे तोंड असलेली चिन्हे, म्हणजे इंग्रजी एक, दोन, तीन, सात, नऊ आणि जे हे अक्षर, जास्त उलटतात. इंग्रजी सहा क्वचितच उलटतो. डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या लिपीत बहुतेक अक्षरांची तोंडे उजवीकडे असतात, आणि मुलाने हा नियम कोणी न शिकवता उचललेला असतो. एखाद्या आकड्याची दिशा आठवली नाही की ते हा नियम लावते. म्हणजे उलटा तीन हा निव्वळ धांदरटपणा नसून, जरा जास्तच ताणलेला नियम असतो. मराठी ३ चे तोंडही डावीकडेच आहे, तेव्हा त्याचा ६ झाला तर आश्चर्य नको.

मराठी लिहिणाऱ्या मुलाच्या वहीतला खरा गोंधळ आरशाचा नसतो, तो सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा असतो. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या तीन जोड्या शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. तिन्ही जोड्यांत फरक एकाच जागी आहे. भ, ध आणि थ यांच्या डाव्या खांद्यावर एक छोटी गाठ असते आणि तिच्यावरून शिरोरेषा जात नाही. म, घ आणि य यांना गाठ नसते आणि शिरोरेषा अख्खी असते. बाकीचे अंग जवळपास तेच.

आता मूल लिहिते कसे, ते पाहिले की चुकीचे मूळ सापडते. शाळेत अक्षरे आधी काढायची आणि शब्द पुरा झाला की शिरोरेषा शेवटी ओढायची, अशी सवय लावतात. सहा वर्षांचा हात ती रेघ शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढतो. वाटेत भ आला तर त्याची गाठ रेघेखाली गाडली जाते आणि भ चा म होतो. ‘धडा’चा ‘घडा’ होतो, ‘थोडे’चे ‘योडे’ होते. मुलाच्या मनात अक्षर बरोबर असते, रेघेने घात केलेला असतो. याची खूण म्हणजे ही चूक एकाच दिशेने वाहते. भ चा म होतो, पण म चा भ होत नाही, कारण नसलेली गाठ रेघ ओढल्याने उगवत नाही. ब आणि व यांचेही तसेच. पोटातली तिरकी रेघ राहून गेली की ‘बारा’चा ‘वारा’ होतो. ‘वारा’ लिहायला सांगितल्यावर मुलाने ‘बारा’ लिहिले, तर ती रेघ त्याने मुद्दाम काढलेली असते. असे दोन्ही दिशांनी व्हायला लागले तर आकार अजून डोक्यात पक्का बसलेला नाही, एवढे समजावे. पहिलीत तेही चालते. ख चे पाय खाली जोडून लिहायची रीत याच दुखण्यावरचा उपाय आहे. पाय सुटे राहिले की ‘खत’ आणि ‘रवत’ यांत फरक उरत नाही, आणि तिथे मोठ्या माणसांचे अक्षरही फसवते.

हे सगळे एका श्रुतलेखनावर घालून पाहू. समजा, दुसरीच्या वर्गात सप्टेंबर महिन्यात बाईंनी सहा शब्द सांगितले: घर, भाकर, धरण, थवा, मध, पिशवी. दोन वह्या घ्या. पहिल्या वहीत आहे: घर, माकर, घरण, यवा, मघ, पशिवी. दुसऱ्या वहीत आहे: गर, बाकर, दरण, तवा, मद, पिसवी. पहिलीत पाच चुका, दुसरीत सहा. शंभरापैकी गुण द्यायचे तर दोन्ही मुले एकाच पंगतीत बसतील. शिवाय पहिली वही जास्त विचित्र दिसते, कारण ‘माकर’ आणि ‘यवा’ असे शब्दच नाहीत. पालकसभेत बोलावणे जाईल ते बहुधा पहिलीच्याच आईबापांना.

नीट पाहिले तर पहिल्या वहीत भ चा म, ध चा घ, थ चा य झाला आहे. सगळ्या चुका गाठीच्या आहेत आणि सगळ्या एकाच दिशेच्या आहेत. ज्यात गाठच नाही ते ‘घर’ बिनचूक आहे. बाईंनी या मुलाला स्वतःची वही वाचायला सांगितली तर ते ‘भाकर’, ‘धरण’, ‘थवा’ असेच घडाघडा वाचेल. ‘पशिवी’ची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल. हे मूल आवाज नेमका पकडते आणि त्यासाठी कोणते अक्षर हवे तेही त्याला माहीत आहे.

दुसऱ्या वहीत एकही अक्षर विचित्र नाही. गाठी जागच्या जागी आहेत, अक्षर कदाचित सुंदरही असेल. पण घ चा ग, भ चा ब, ध चा द, थ चा त झाला आहे. घ आणि ग दिसायला एकमेकांच्या जवळपास नाहीत. जवळ आहेत ते त्यांचे आवाज. ग मध्ये ह मिसळला की घ, ब मध्ये ह मिसळला की भ. या मुलाला तो ह वेगळा काढता येत नाही किंवा काढलेला धरून ठेवता येत नाही. ही चूक कानाच्या बाजूची आहे, आणि लिबरमन यांच्या मोजणीत जो मोठा हिस्सा होता त्याच जातीची आहे. चौकशी करायची असेल तर या वहीची करावी.

तरीही एका वहीवरून निकाल देता येत नाही, कारण मराठीत या चुकीला निष्पाप कारणेही आहेत. शब्दाच्या शेवटचा महाप्राण आपण सगळेच बोलताना गिळतो. दूध हे ‘दूद’ आणि जीभ ही ‘जीब’ असे घरोघर ऐकू येते. तेव्हा ‘मद’ लिहिणारे मूल जे ऐकते तेच प्रामाणिकपणे लिहीत असते. त्या चुकीला वजन द्यायचे कारण नाही. शब्दाच्या सुरुवातीचा ‘गर’ आणि ‘बाकर’ यांना मात्र वजन आहे, कारण तिथला महाप्राण बहुतेक मराठी घरांत स्पष्ट उच्चारतात. ‘पिसवी’ किंवा ‘पानी’ ही अनेक घरांतली रोजची बोली आहे. तो दोष नव्हे. बाईंनी फार तर पुस्तकातला उच्चार शेजारी ठेवावा. घरची भाषा मराठी नसेल, तर कोणते आवाज त्या भाषेत मुळातच वेगळे मानत नाहीत हे आधी विचारायला हवे. घरी तमिळ बोलणाऱ्या मुलाला ग आणि घ वेगळे ऐकायला वेळ लागणारच. आणि सगळ्यांत आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होऊन कान भरणाऱ्या मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसून घ आणि ग सारखेच ऐकू येऊ शकतात. डोळे तर तपासावेतच, पण चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून हे स्पष्ट केले होते, कारण तिकडे डोळ्यांच्या व्यायामांचा आणि रंगीत काचांचा बाजार जोरात होता.

आता ‘पशिवी’. ऱ्हस्व वेलांटी हे देवनागरीचे एक वेगळेच प्रकरण आहे. ती बोलायची व्यंजनानंतर आणि लिहायची व्यंजनाआधी. मूल ‘पि’ म्हणताना आधी प ऐकते म्हणून आधी प काढते, मग पुढे वेलांटी देते आणि ती बिचारी श च्या डोक्यावर जाऊन बसते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात, अशी वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असे आढळले होते. जे वाचताना जाणवते ते लिहिताना सुटावे कसे? म्हणून दुसरीपर्यंत ‘पशिवी’ आणि ‘वकिल’ची भावंडे वहीत नांदणारच. मुलाला जागा माहीत नसते, आवाज माहीत असतो.

आकड्यांतही असाच उलटा क्रम आहे आणि तो तर थेट भाषेतून येतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल ५२ लिहिते. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऐकून आकडे लिहिताना झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलट्या क्रमाच्या होत्या. चेक भाषेत दोन्ही रीती चालतात, ‘वीस पाच’ आणि ‘पाच-वीस’. तिथे त्याच मुलांना एकक आधी असलेल्या रीतीने आकडे सांगितले की या चुका कितीतरी वाढत. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनरीत आणली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी दिलेल्या कारणांत हा उलटा क्रम होता. भाषेच्या अस्मितेच्या धुरळ्यात ते कारण फारसे कोणी ऐकले नाही. ‘एकोणतीस’ तर याहून वाईट. ऐकू येतो एक आणि ऐकू येतो तीस, म्हणून मूल ३१ लिहून मोकळे होते.

इथे साधा चुकणारा आणि काळजी करण्याजोगा ओळखायची सोपी तपासणी आहे. पंचवीसचे ५२ लिहिणाऱ्या मुलापुढे काड्या ठेवाव्यात, दहादहाचे गठ्ठे आणि काही सुट्या, आणि पंचवीस काड्या मागाव्यात. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या मिळाल्या तर संख्या समजलेली आहे, घोळ फक्त लिहिण्याच्या क्रमाचा आहे. लिहिताना हाताकडेही पाहावे. काही मुले आधी उजवीकडे ५ काढतात, डावीकडे जागा सोडतात आणि मग तिथे २ बसवतात. आकडा बरोबर येतो, पण तीन अंकी संख्या सुरू झाल्या की हीच युक्ती अंगाशी येते. याउलट, दुसरीच्या शेवटीही गठ्ठे आणि सुटे मांडता येत नसतील, आठ मोठे की सहा याला बोटे मोजावी लागत असतील, तर प्रश्न आकड्याच्या दिशेचा राहिलेला नाही.

वयाचा हिशोब ढोबळमानाने असा धरतात. बालवाडीत आणि पहिलीत उलटे आकडे, उलटी इंग्रजी अक्षरे, कधी अख्खे नाव आरशातल्यासारखे लिहिणे, हे सगळे चालते. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा यात वेगळा दोष काढू नये, आणि हात तर अजिबात बदलायला लावू नये. दुसरी संपेपर्यंत हे बरेचसे ओसरते. आठ वर्षांनंतरही ते नेहमीचेच राहिले, तर चौकशी करावी. पण तेव्हाही नुसती उलटी अक्षरे मोजून भागत नाही, त्यांच्या जोडीला काय आहे ते पाहायचे असते. एक गोष्ट मात्र या हिशोबात बसत नाही. आधी नीट लिहिणारे मूल अचानक उलटे लिहायला लागले, आणि त्याबरोबर डोकेदुखी, उलट्या, तोल जाणे किंवा डोक्याला मार लागल्याचा इतिहास असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

जोडीला काय पाहायचे? मूल बोलायला उशिरा लागले होते का. घरात आई, वडील, काका, मामा यांपैकी कोणाला वाचन जड गेले होते का, कारण डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो. ‘कमळ’ या शब्दातला पहिला आवाज काढून टाक म्हटल्यावर ‘मळ’ म्हणता येते का. महिनोन्‌महिने गिरवूनही मुळाक्षरे आज आली, उद्या गेली, असे होते का. कन्नड शाळांतल्या मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या कामातून एक गोष्ट पुढे आली आहे. आपल्याकडच्या लिप्यांत काना-मात्रा आणि जोडाक्षरे धरून शेकडो अक्षरे शिकायची असतात, म्हणून ते शिक्षण इंग्रजीसारखे वर्षा-दोन वर्षांत आटोपत नाही, चौथी-पाचवीपर्यंत चालते. तेव्हा दुसरीत जोडाक्षरे अडली म्हणून हबकू नये. साधी, बिनकान्याची अक्षरे अडत असतील तर मात्र दुर्लक्ष करू नये.

मराठी शाळांत एक चकवा हमखास असतो, तो म्हणजे पाठांतर. हुशार मूल अख्खा धडा तोंडपाठ करते आणि बोट फिरवत ‘वाचून’ दाखवते. आईबाप समाधानी, बाई समाधानी. हे पकडायचे तर चित्र हाताने झाकावे आणि धड्याच्या मधल्याच एका ओळीवर बोट ठेवावे. त्याहून चांगले म्हणजे अर्थ नसलेले शब्द लिहून द्यावेत: मटल, ठिमा, गोबुस, घेपी. पाठ केलेले काही इथे उपयोगी पडत नाही, अक्षरातून आवाज काढावाच लागतो. दुसरीच्या शेवटी बहुतेक मुले हे शब्द हसत हसत वाचतात. जे मूल ‘मटल’चे ‘मटण’ आणि ‘गोबुस’चे ‘गोड’ करते, ते पहिले अक्षर पाहून अंदाज बांधते आहे. पहिल्या वहीच्या, ‘माकर’ लिहिणाऱ्या मुलाला ही परीक्षा जड जाणार नाही. दुसऱ्या वहीच्या मुलाची खरी स्थिती इथे कळेल.

‘माकर’वाल्याचा इलाज छोटा आहे. भ आणि म एकाच दिवशी शेजारी शेजारी शिकवू नयेत. एक पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरा घ्यावा. गाठ आधी काढायची, ती मोठी काढायची, आणि शिरोरेषा शब्दभर न ओढता गाठीपाशी उचलायची, एवढे हाताला शिकवले की बरेच काम होते. शंभर वेळा ‘भाकर’ लिहून घेण्याने फक्त हात दुखतो, कारण शंभरही वेळा रेघ त्याच दमात ओढली जाते. ‘बाकर’वाल्याला काम तोंडी लागते. तोंडासमोर तळहात धरून ‘ग’ आणि ‘घ’, ‘ब’ आणि ‘भ’ म्हणायचे, घ ला हातावर लागणारी हवा जाणवून द्यायची, शब्दातले आवाज एकेक करून टाळीवर मोजायचे, आणि मगच अक्षराकडे जायचे. हे रोज दहा-पंधरा मिनिटे दोन-तीन महिने करूनही गाडी हलली नाही, तर तपासणीची वेळ आली असे समजावे.

ती तपासणी मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेत व्हायला हवी. बरीच वर्षे आपल्याकडे इंग्रजी चाचण्यांवरच काम भागवत होते आणि मराठी माध्यमाच्या मुलाचे त्यात नाहक हसे होई. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाचा चाचणीसंच काढला, तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायच्या वेगवेगळ्या चाळणी-चाचण्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच देण्याची, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. आठ वर्षांची ती अट प्रमाणपत्राला होती, मदतीला नव्हती. ‘बाकर’ लिहिणाऱ्या साडेसहा वर्षांच्या मुलीला टाळ्यांचा आणि तळहाताचा सराव आजच सुरू करता येतो.

तज्ज्ञाकडे जाताना बरोबर काय न्यायचे, हे फार कमी पालकांना कोणी सांगते. गेल्या तीन-चार महिन्यांच्या श्रुतलेखनाच्या वह्या न्याव्यात, खोडलेल्या आणि गिचमिड पानांसकट. घरी सुधारून सुवाच्य लिहून घेतलेली प्रत नेऊ नये. फळ्यावरून उतरवलेले एक पान आणि ऐकून लिहिलेले एक पान वेगळे काढून ठेवावे, कारण पाहून लिहितानाही तीच चूक होत असेल तर ती आकाराची, आणि ऐकून लिहितानाच होत असेल तर ती बहुधा आवाजाची. कानाच्या तपासणीचा कागद सोबत असावा. घरी कोणती बोली बोलतात, आजी काय बोलते, हे आपण होऊन सांगावे. नाहीतर ‘पानी’ आणि ‘पिसवी’ही चुकांच्या यादीत जाऊन बसतात.